चित्रफीत सात: क की ख

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींचा निरोप समारंभ आखाडा बाळापुरात होणार होता आणि तो इंटरनेटवर थेट दाखवायचा होता. जुन्या विद्यार्थ्यांच्या समितीचे अध्यक्ष हे सांगायला माझ्याकडे कळमनुरीला आले. त्यांचं बाळापुरात खता-बियाण्यांचं दुकान आहे. ते खुर्चीत बसलेसुद्धा नाहीत. "ताई, पोरं पार कुठंकुठं हायेत. एक तर जर्मनीत हाय. सगळ्यांनी मावशीच्या हातचं खाल्लंय. कुणालाच यायला जमत न्हाई, पण पाहायचं सगळ्यांना हाय."

लग्नाआधी मी हैदराबादेत एका वृत्तवाहिनीत कामाला होते. बातमीपत्र मिनिटामिनिटाला कसं चालेल याचा कागद बनवणं, हे माझं काम. लग्न होऊन कळमनुरीला आले आणि लग्नांचं, सभांचं थेट प्रक्षेपण करू लागले, तरी तो कागद सुटला नाही. इकडची माणसं आधी हसायची. हळद लागायची वेळ कुणी सेकंदात लिहितं का, म्हणायची. नंतर तीच माणसं विचारू लागली, "ताई, तुमचा कागद कुठाय?"

मावशींच्या कार्यक्रमाचा कागद चार पानांचा झाला. आडव्या रकान्यांत क्रमांक, वेळ, किती मिनिटं, मंचावर कोण, पडद्यावर काय, आवाज कुठून. शेवटचा रकाना सगळ्यांत रुंद: 'अडलं तर'. लाइट गेली तर जनरेटर, आणि तो सुरू होईपर्यंत लॅपटॉप व राउटर यूपीएसवर. शाळेची लाइन तुटली तर दोन वेगळ्या कंपन्यांचे डोंगल. तेही गेले तर बाहेरच्यांना 'थोड्याच वेळात परत येतो' ही पाटी, आणि इथलं रेकॉर्डिंग मात्र थांबवायचं नाही. मुख्य लॅपटॉप अडकला तर शेजारी दुसरा, त्यात त्याच चित्रफिती त्याच क्रमानं.

चित्रफिती आठ होत्या. पोरांनी मोबाइलवर शुभेच्छा रेकॉर्ड करून पाठवल्या होत्या. कुणाची उभी, कुणाची आडवी, कुणाचा आवाज कानठळ्या बसवणारा तर कुणाचा ऐकूच येईना. त्या सगळ्या एका मापाच्या आणि एका आवाजाच्या करून घेतल्या. प्रत्येकीपुढं लांबी लिहिली, पहिले शब्द लिहिले आणि शेवटचे शब्दही. शेवटचे शब्द कानावर आले की कॅमेरा मंचावर न्यायचा, हे त्यावरूनच ठरतं.

सातव्या चित्रफितीपुढं मात्र छापील कागदावर फक्त 'चित्रफीत' असं होतं. खरी नोंद माझ्या आणि साऊंडवाल्या चाचांच्या कागदावर. चाचा कळमनुरीचे. या भागातल्या निम्म्या मंडपांत त्यांचेच स्पीकर असतात. ती चित्रफीत मावशींच्या मुलीची होती. ती मस्कतला नर्स आहे. रजा मिळत नाही असं तिनं आईला सांगितलं होतं, आणि मिळाली होती. मस्कतहून विमानानं हैदराबाद, तिथून रेल्वेनं नांदेड, पुढं जीपनं बाळापूर, सव्वाअकराला शाळेत. अकरा बावीसला पडद्यावर तिचा चेहरा, आणि चित्रफीत संपली की ती स्वतः डाव्या बाजूनं मंचावर.

मी तिच्याकडून चित्रफीत दोनदा रेकॉर्ड करून घेतली होती. 'क'मध्ये शेवटचं वाक्य होतं, "आई, आता जरा डावीकडं बघ." 'ख'मध्ये ते वाक्य नव्हतं. ती पोचली नाही तर 'ख' लावायची. नाहीतर मावशी रिकाम्या कोपऱ्याकडं बघत बसल्या असत्या.

रविवारी बरोबर साडेदहाला सुरुवात झाली. शाळेच्या पटांगणात मंडप, मंचाच्या बाजूला पडदा. मंचाला डावीकडून लागून पाचवीचा वर्ग, त्यात माझी टेबलं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई याच शाळेत शिकलेल्या आणि आता कुरुंद्याकडं शिक्षिका. त्यांना मी वर्गाच्या दारातून पाट्या दाखवायचे: 'वाढवा', 'आटोपा', 'पुढचं'. मावशी पहिल्या रांगेत, नव्या हिरव्या लुगड्यात, अवघडून बसलेल्या. "मी बोलणार न्हाई," एवढं त्यांनी आधीच बजावलं होतं. म्हणून मनोगतापुढं मी लिहिलं होतं: दोन मिनिटं, नाही म्हणाल्या तर सोडून द्या.

चार चित्रफिती सुरळीत गेल्या. अकरा वाजून पाच मिनिटांनी फोन आला. मुलीचाच.

"ताई, वारंग्याच्या पुढं उसाची ट्रॉली पलटी झालीय. दोन्हीकडनं गाड्या उभ्या. काय करू?"

मी कागद पुढं ओढला. हातात सतरा मिनिटं होती. पाचवी-सहावी चित्रफीत होती तिथंच ठेवली, नंतरचा सत्कार अलीकडं घेतला, सहा मिनिटं. आठवी चित्रफीत, पोरांचं एकत्र गाणं, सव्वाचार मिनिटं, तीही पुढं ओढली. एका गुरुजींची कविता राखीव ठेवली होती, ती घेतली. नवा क्रम चाचांना हेडफोनवरून सांगितला, बाईंना पाटीवर लिहून दाखवला. बाईंनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

बाईंनी गाण्याची घोषणा केली, "आता एक खास चित्रफीत." गाणं पडद्यावर सुरू झालं, थोड्या वेळानं पुन्हा फोन. मुलगी रडकुंडीला आली होती.

"ताई, माझी लावू नका! मी अजून पोचले न्हाई! आत्ता त्या म्हणल्या, खास चित्रफीत!"

ती जीपमध्ये बसून मोबाइलवर आमचाच कार्यक्रम बघत होती. मी म्हटलं, "तुला दिसतंय ते अर्ध्या मिनिटापूर्वीचं आहे. इथं गाणं कधीचं सुरू झालंय. तुझी माझ्या हातात आहे, लावली नाही. तू आधी खाली उतर. ट्रॉलीच्या पलीकडं चालत जा, समोरून येणारं मिळेल ते पकड."

"सामान?"

"जीपवाला आणील. तू ये."

अकरा छत्तीसला कविता संपली आणि माझा 'अडलं तर'चा रकाना रिकामा झाला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मुलीचा निरोप आला होता, एका दूधवाल्याच्या मोटारसायकलीवर बसली, दहा मिनिटं. दहा मिनिटं म्हणजे थेट प्रक्षेपणात आख्खं वर्ष. 'ख' लावायची की काय? माझं बोट त्या फाइलवर गेलं होतं.

तेवढ्यात कानात चाचांचा आवाज. "बेटी, मौसी को बोलने को लगाव ना."

"त्या न्हाई म्हणल्यात, चाचा."

"भाषण नको म्हणल्यात. खिचडी का पूछो."

मी पाटीवर लिहिलं: 'मावशींना खिचडी विचारा'. बाईंनी वाचलं आणि माईक घेऊन सरळ मावशींच्या खुर्चीपाशी गेल्या. "मावशी, आज बाहेरच्या आचाऱ्याला काम दिलंय. त्याची खिचडी पाहिली का तुमी?"

मावशींनी माईककडं पाहिलंच नाही. त्या बाईंशीच बोलायला लागल्या. "पाहिली की. सकाळी आल्या आल्या पाहिली. पाणी जास्त घातलंय त्यानं. मी म्हणलं, काहून एवढं पाणी? तर म्हणतो, मोजून घातलं. अगं, पाणी मोजून घालत असतेत व्हय? तांदूळ जुना का नवा ते आधी हातात घेऊन पाहावं लागतं!"

मंडप हसला. मावशी दचकल्या, आणि मग त्यांनाही हसू आलं. त्या उठून उभ्या राहिल्या. मी कॅमेरा दोनवाल्याला सांगितलं, चेहऱ्यावर राहा, हलू नको.

मग त्या थांबल्याच नाहीत. कोण वाटाणे वेचून खिशात भरायचा, कोण अंडं मिळालं की निम्मं दप्तरात घालून धाकट्या भावाला न्यायचा, कोणत्या पोरीला तिखट चालायचं नाही म्हणून तिचं ताट त्या फोडणीआधी काढून ठेवायच्या. जर्मनीतल्या पोराचं नाव घेऊन म्हणाल्या, "तो तर भात सोडून तळाची खरड खायला यायचा. पातेलं घासायचं कामच ठेवायचा न्हाई!" मिनिटाभरानं त्याचा लेखी निरोप आमच्या पडद्यावर उमटला, 'मावशी, अजून खरडच आवडते.' बाईंनी तो वाचून दाखवला. मावशी म्हणाल्या, "मग ये की लेकरा, ठेवते."

अकरा सत्तेचाळीसला मागच्या दारानं मुलगी आली. केसांत धूळ, ओढणी गळ्याभोवती गुंडाळलेली, एका पायातल्या चपलेचा बंद तुटलेला. मी लगेच पाटी उचलली, 'आटोपा'. तिनं माझा हात धरला.

"न्हाई ताई. बोलू द्या. आई अशी चारचौघांत कधी बोललेली मी ऐकलीच न्हाई."

पाटी मी खाली ठेवली. कार्यक्रम पंचवीस मिनिटं मागं चालला होता आणि मला पहिल्यांदाच त्याची पर्वा नव्हती. मुलगी भिंतीला टेकून, वर्गाच्या खिडकीतून येणारा आईचा आवाज ऐकत उभी होती. हसतही होती, नाक पुसतही होती.

मावशी बसल्या तेव्हा अकरा बावन्न झाले होते. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी बोटांनी सात दाखवले. त्यांनी घोषणा केली, मी 'क' लावली.

पडद्यावर मुलगी दिसली तशी मावशींनी पदर तोंडाला लावला. एक मिनिट चाळीस सेकंद. मी मुलीला दाराशी उभं केलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून मोजत राहिले. पाच, चार, तीन. "आई, आता जरा डावीकडं बघ." पडदा काळा झाला, कॅमेरा दोन डावीकडं वळला आणि मी तिला हळूच ढकललं.

मावशींनी डावीकडं पाहिलं. आधी ओळखच पटली नाही बहुतेक. मग त्या धावल्या. मंचाच्या तीन पायऱ्या त्या कशा चढल्या हे त्यांनाही सांगता येणार नाही. मुलीला मिठी मारायची सोडून त्यांनी आधी तिच्या डोक्यावर एक टपली मारली. "खोटारडी! रजा न्हाई म्हणलीस ना?" मग मिठी मारली. चाचांनी माईक उघडाच ठेवला होता, त्यामुळं ते सगळ्या जगानं ऐकलं. अध्यक्ष टाळ्या वाजवता वाजवता रडत होते.

माझ्या कागदावर यानंतर आभारप्रदर्शन होतं, चार मिनिटं. ते कुणी केलं नाही. मी राहू दिलं.

पंगती उठल्यावर मावशी आणि मुलगी पाचवीच्या वर्गात आल्या. मी वायरी गुंडाळत होते. मावशी म्हणाल्या, "बाई, ते मघाचं पुन्हा दाव बरं."

मी रेकॉर्डिंग मुलीच्या चित्रफितीवर आणलं. "हे न्हाई," मावशी म्हणाल्या. "माझं दाव."

लॅपटॉपसमोर दोघी बाकावर चिकटून बसल्या. पडद्यावर मावशी हात हलवून पाण्याचं माप समजावून सांगत होत्या आणि मागं मंडप हसत होता. मावशींनी ते सगळं, अगदी शेवटपर्यंत, पापणी न हलवता पाहिलं.

"एवढं बोलले व्हय मी?" त्या म्हणाल्या.

"पंधरा मिनिटं," मुलगी म्हणाली.

"बरं बोलले," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.