मासोळीचा चिमटा

पौर्णिमाचा मला राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. माझ्याकडे पंचवीस अंगणवाड्या. मी त्यांची पर्यवेक्षिका. मीटिंगमध्ये चोवीस सेविका माना डोलावतात आणि ही अल्लीपूरकडची एकटी हात वर करते. 'मॅडम, पण...' हा तिचा पण ऐकला की माझं डोकं उठायचं. बारावी शिकलेली बाई, अठरा वर्षं एकाच खोलीत लेकरं सांभाळतेय, आणि प्रश्न विचारते कलेक्टरसारखे.

गेल्या जूनमध्ये आम्ही सगळ्या सेविकांना एक छापील कागद दिला. त्यावर सहा पिवळे गोल चेहरे होते, मोबाइलवर असतात तसे इमोजी. मुलांनी रोज चेहरा ओळखायचा, तसं तोंड करायचं आणि मनात काय चाललंय त्याला नाव द्यायला शिकायचं. चोवीस जणींनी कागद भिंतीला चिकटवला, फोटो पाठवला, मोकळ्या झाल्या. पौर्णिमाने हात वर केला.

"मॅडम, यातलं एक तोंड हसूनबी राह्यलं आणि डोळ्यातून पाणीबी काढून राह्यलं. मलेच समजत नाई, लेकरायले काय समजन?"

"मग नको लावू ते," मी म्हणाले.

तिने दोन चेहरे काढूनच टाकले. एकदम सहा चेहरे लेकरांच्या डोक्यात जायचे नाहीत, म्हणाली. लग्नातल्या कागदी ताटल्या पिवळ्या रंगवून तिने चारच चेहरे केले. आनंद, दुःख, राग, भीती. शेजारी आरसा टांगला. ताटल्यांखाली दोरी बांधली आणि प्रत्येक लेकराला कपड्यांचा एक चिमटा दिला. वाचता कुणालाच येत नाही, म्हणून चिमट्यावर चित्र. कुणाचा बैल, कुणाचा पेरू, कुणाची मासोळी. सकाळी आलं की लेकरू आरशात बघणार, आपल्यासारखं तोंड असेल त्या ताटलीखाली आपला चिमटा लावणार आणि सांगणार. आधी पौर्णिमाचा स्वतःचा. तिच्या चिमट्यावर चूल होती.

"आज मले राग आला. शिजवाच्या टायमाले गॅस संपला. छातीत धडधड होऊन राह्यलं," असं ती खुशाल सगळ्यांसमोर सांगायची. मग लेकरं बोलायची. कुणी 'भेव' म्हटलं तर ती दुरुस्त करत बसायची नाही. "हो, भेव. पुस्तकात त्याले भीती म्हणतात. दोन्ही आपलेच," म्हणायची. कुठल्याच चेहऱ्याला शाबासकी नाही, कुठल्याच चेहऱ्याला रागावणं नाही. आणि एक कायदा पक्का होता. दुसऱ्याच्या चिमट्याला कुणी हात लावायचा नाही. बाईनंसुद्धा नाही.

एवढं कशाला मनावर घेतेस, असं मी एकदा विचारलं होतं. मदतनीस रुख्मिणी चहा गाळत होती. पौर्णिमा म्हणाली, "मॅडम, माहे बाबा प्रेमदास गेले तवा मी सहा वर्षांची होतो. समदे विचारत, काय होते पोरी? मी म्हणो, काई नाई. वर्षभर काई नाईच म्हणत राह्यलो. दुसरा शब्दच नव्हता माह्यापाशी." मी चहा पिऊन निघाले. त्या दिवशी मला तीन अंगणवाड्या करायच्या होत्या.

मासोळीचा चिमटा मयुरीचा होता. साडेचार वर्षांची, तोंडातून शब्द काढायची नाही. आईबाप दोघंही पहाटे कामावर जात. आजी, सुमित्राबाई, गुडघ्यांनी अधू. ती दारातून पोरीला रस्त्याला लावून द्यायची आणि मयुरी एकटी चार घरं ओलांडून यायची. जुलै-ऑगस्टभर तिने चिमटा हातातच ठेवला. पौर्णिमाने जबरदस्ती केली नाही. सप्टेंबरात एका सकाळी मासोळी भीतीखाली लागली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही.

"कशाचं भेव वाटते, मयुरी?" पौर्णिमाने विचारलं.

पोरगी म्हणाली, "उद्या सांगन."

अडीच महिन्यांतलं तिचं ते पहिलं वाक्य. पौर्णिमाने मला फोन करून ते सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं, आणि उद्या नीट तयारी ठेव, जिल्ह्याचे साहेब येणार आहेत.

तो उद्या मी खाल्ला.

सकाळी साडेनऊला मी पोचले. दोरीवर एकोणीस चिमटे. अठरा आनंदाखाली, कारण त्या दिवशी शिरा होता. मासोळी एकटीच भीतीखाली. मयुरी पौर्णिमाच्या पदराशी उभी, काहीतरी सांगायच्या बेतात. आणि बाहेर साहेबांची गाडी वाजली.

"पौर्णिमा, तो चिमटा हलव," मी म्हणाले. "फोटो जिल्ह्याला जाईल. साहेब विचारतील, पोरगी काऊन घाबरते तुमच्या अंगणवाडीत?"

"मॅडम, तो तिचा हाय."

"फोटोपुरता गं. पाच मिनिटं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मानधनाची बाई, अठरा वर्षांची नोकरी, दारात साहेब. मी तिच्या जागी असते तर तिच्याआधीच हलवला असता. तिने हात वर केला, मासोळी काढली आणि आनंदाखाली लावली. मयुरी बघत होती. वरून मी काय केलं? लेकरांकडे वळून म्हटलं, "बघा, सगळे आनंदी! वाजवा टाळ्या!" लेकरांनी टाळ्या वाजवल्या. फोटो छान आला. साहेब खूश झाले.

गाडी गेल्यावर पौर्णिमा खाली बसली आणि म्हणाली, "मयुरी, माही चूक झाली बाप्पा. सांग आता, कशाचं भेव?" मयुरीने नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दिवशी आली ती सरळ मासोळी आनंदाखाली लावून मोकळी झाली. तिसऱ्या दिवशीही. रोज. पौर्णिमाने काय केलं नाही? स्वतःची चूल भीतीखाली लावली, भेव कसं पोटात गोळा आणतं ते सांगितलं. पोरगी ऐकून घ्यायची आणि मासोळी आनंदाखालीच. "मॅडम, लेकरू बंद झालं," असा तिचा मला फोन आला. मी म्हणाले, आनंदी आहे तर राहू दे ना. काय बोलावं अशा माणसाला? माझं मलाच आता कळत नाही.

दसऱ्यानंतरची गोष्ट. रुख्मिणी जेवणाआधी लेकरांचे हातपाय धुत होती. मयुरी पाय पुढे करेना. रुख्मिणीने फ्रॉक जरा वर केला आणि ओरडली. पोटरीवर चार दात उमटलेले, खपली धरून सुकत आलेले.

"काय हे, मयुरी?"

"कुत्रा."

"कधी चावला?"

साडेचार वर्षांच्या पोरीला तारीख कुठून येणार? ती म्हणाली, "चिक्की होती तवा." पौर्णिमाने खाऊचं रजिस्टर काढलं. चिक्की सोळा दिवसांपूर्वी होती. मग मोबाइल काढून, ती रोज आमच्या ग्रुपवर पाठवायची त्यातला त्या दिवसाचा फोटो बघितला. मयुरी एक पाय दुसऱ्या पायामागे लपवून उभी, आणि मासोळी आनंदाखाली. फोटोखाली माझा अंगठा होता. छान, असंही लिहिलं होतं मी.

मग एकेक उलगडलं. मधल्या बोळात एक काळा कुत्रा सप्टेंबरपासून लेकरांच्या अंगावर यायचा. भेव त्याचं होतं. चावल्यावर पोरीने घरी सांगितलं नाही, आजी रागावेल म्हणून. इथे सांगितलं नाही, कारण इथे काय लावलं की टाळ्या पडतात ते मी तिला शिकवलं होतं. आणि कुत्रा? चावल्यानंतर दहा दिवस कुत्रा धडधाकट राहिला तर तो पिसाळलेला नव्हता म्हणून जीवात जीव येतो. पण तो वासराला चावला, तोंडाला फेस आला, म्हणून गावाने त्याला आठवड्यापूर्वीच मारून पुरलं होतं. सुमित्राबाईने हे ऐकलं आणि उंबऱ्यावरच कपाळ आपटून घेतलं.

मी स्कूटीवर पौर्णिमा आणि मयुरीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण होता. त्याने दात बघितले, तारीख विचारली आणि पेन खाली ठेवलं.

"त्याच दिवशी साबणाने धुऊन आणायला हवं होतं. आता जखमेभोवती सीरम देतो आणि लस आजच सुरू करू. लक्षणं नाहीत, म्हणजे वेळ गेलेली नाही. पण लक्षणं दिसली तर मग कुणाच्याच हातात काही राहत नाही."

"पोरगी वाचन ना, साहेब?" पौर्णिमाने विचारलं.

"आशा आहे. खात्री मागू नका."

लस आज, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. चार वेळा यायचं होतं. तो महिना आम्ही कसा काढला ते आम्हालाच ठाऊक. कुत्र्याचं विष अंगात भिनलं की पाणी गिळता येत नाही, म्हणून पौर्णिमा रोज सकाळी मयुरीसमोर पाण्याचा पेला धरायची आणि पोरीने घोट घेईपर्यंत स्वतः श्वास धरून बसायची. पाणी गळ्याखाली उतरलं की मला फोन. "प्याली, मॅडम." एवढंच. मी ऑफिसात असो की रस्त्यावर, त्या फोनशिवाय माझा दिवस सुरू व्हायचा नाही. एकदा फोन आला नाही तेव्हा मी केळझरच्या फाट्यावर गाडी उभी करून रडले. नंतर कळलं, तिच्या मोबाइलची बॅटरी उतरली होती.

दोरी अजून तशीच होती. मासोळी रोज आनंदाखाली. पौर्णिमाने एक दिवस टेकीला येऊन आनंदाची ताटलीच काढून ठेवली. मयुरी रिकाम्या भिंतीसमोर चिमटा धरून उभी राहिली, उभीच राहिली. शेवटी पौर्णिमाने ताटली परत लावली. "मॅडम, तुमी-मी एका मिनिटात बिघडवलं," ती म्हणाली. "नीट कराले किती वर्षं लागन, सांगा न?" या खेपेला तिच्या प्रश्नाचा मला राग आला नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी रजा टाकून गेले. डॉक्टर म्हणाला, आतापर्यंत सगळं ठीक आहे, तरी अजून काही महिने लक्ष ठेवा. नर्सने शेवटची सुई काढली. या खेपेला मयुरी फार कळवळली होती. दंड आखडून, ओठ आत घेऊन, आवाज न करता रडत होती. गालांवरून पाणी फ्रॉकवर टपकत होतं.

"झालं गं बेटा, झालं," नर्स म्हणाली. "कसं वाटते आता?"

पौर्णिमा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. ती वाट बघत राहिली. मीही वाट बघत होते. एक शब्द. दुखते म्हण, भेव वाटते म्हण, राग आला म्हण, माझ्या अंगावर थुंक, पण एक खरा शब्द बोल.

मयुरीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पौर्णिमाकडे नाही, माझ्याकडे. तिने मनगटाने डोळे पुसले, आरशासमोर करायची तसे ओठ ताणून दात दाखवले आणि म्हणाली, "आनंद."

मग तिने स्वतःच टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"अगंबाई, किती शहाणी!" नर्स हसली.

पौर्णिमाने पोरीचे दोन्ही हात आपल्या हातात घट्ट धरले आणि टाळ्या थांबवल्या.