तीनदा वाजलेलं झाकण

माझं नाव हरिश्चंद्र. आईबापांनी मोठ्या हौसेनं ठेवलं, आणि २००९ च्या मे महिन्यात चारचौघांत माझ्याच तोंडातून अशी खोटी साक्ष पडली की विचारू नका. मुद्दाम नाही हो! शहाणपणा मिरवायला गेलो, दुसरं काय. आमच्याकडे म्हणतात ना, अर्ध्या हळकुंडानं पिवळा. तो मी.

मालवणच्या वेशीवर भाईंचा पेट्रोलपंप आहे आणि त्याच्या कडेला माझं पंक्चरचं दुकान. हवा मी भरायची, पेट्रोल पंपाच्या पोरांनी. त्या पोरांत त्या वर्षी एक बाई आली, सुगंधा. नवरा ट्रॉलरवर तांडेलाच्या, म्हणजे नावेच्या म्होरक्याच्या, हाताखाली, सासू हौसाबाई बाजारात मासे विकते, आणि ही बारावी पास. माशांची पाटी डोक्यावर घ्यायची नाही म्हणून हिनं भाईंच्या दारात आठ दिवस खेपा घातल्या. भाई म्हणाले, "बायकांक हंय कोण उभा करता? बरा, तीन महिने बघतंय." ती तीन महिन्यांवर उभी होती. तिच्यामागे सारिका म्हणून तिच्याच वाडीतली आणखी एक पोरगी वाट बघत होती. सुगंधा टिकली तर सारिकालाही घेणार, नाहीतर परत बाई म्हणून कोणाला ठेवणार नाही, असं भाईंनी सगळ्यांसमोर सांगितलेलं.

हौसाबाई रोज टोमणे मारी. "मासळेचो वास सोडून माझी सून ह्या पेट्रोलाच्या वासात जाता. नवल गो बाय!" सुगंधा हसे आणि पंपाचा निळा शर्ट साडीवर चढवून निघे.

कामात मात्र ती अशी नेटकी की मला चीड यायची. आमचे बाकीचे तरुण टाकीचं झाकण कसंबसं लावून पुढच्या गाडीकडे धावत. ही झाकण लावताना मोठ्यानं मोजायची. "एक, दोन, तीन." झाकण तीनदा टकटक वाजलं की हात सोडायची. गिऱ्हाईकं हसत, मी तर चिडवत असे, "गो, पाढे पाठ करतंस काय?" ती म्हणे, "तू हवा मोजतंस, मी झाकण मोजतंय."

तर त्या दिवशी दुपारी अनिश आला. मूळचा देवबागचा, मुंबईला मोठ्या नोकरीत, सुट्टीला आईला घेऊन घरी आलेला. बाहेरच्या देशातून आणलेली पेट्रोलची गाडी, अशी चकचकीत की तिच्यात तोंड बघून दाढी करावी. दुसऱ्या दिवशी फोंडाघाट चढून आईला कोल्हापूरला डॉक्टरकडे न्यायचं होतं. सुगंधानं टाकी भरली, झाकण लावलं, पैसे झाले. अनिशनं चावी फिरवली. स्टिअरिंगमागचे सगळे छोटे दिवे लागून विझले आणि एक पिवळा, इंजिनाच्या चित्राचा, तसाच राहिला.

"हे काय? आत्तापर्यंत नव्हतं!" अनिश खाली उतरला. "काय भरलंत तुम्ही?"

मी काय करावं? मुकाट हवा भरत बसावं की नाही? छे. कुठंतरी ऐकलं होतं, पेट्रोल भरल्यावर असा दिवा लागला तर झाकण सैल असतं. धावत गेलो, झाकण हातात धरलं आणि फिरवलं. टक्. परत फिरवलं. टक्.

"झाकण सैल आसा!" मी ओरडलो, शोध लावल्यासारखा.

सुगंधा म्हणाली, "हरी, ता तसा वाजताच. घट असला तरी वाजता."

"गप रव! तुका काय कळता?" असं मी म्हणालो. अक्षरशः असंच म्हणालो. आज आठवलं तरी जीभ चावावीशी वाटते.

अनिशनं तिथूनच अमेरिकेतल्या भावाला फोन लावला. तोही म्हणाला, झाकणानं असं होतं, घट्ट करून थोडी चालवली की दिवा जातो. झालं! दोन साक्षीदार मिळाले. अनिश भाईंच्या खोलीत गेला आणि काचेतून मला त्याचे हातवारे दिसले. भाई बाहेर आले ते सुगंधाच्या अंगावरच. "घरा जा. दिवो गेलो काय बघूया."

आता बघा ह्यातली गंमत. दिवा गेला तर झाकण सैल होतं, म्हणजे चूक हिची. दिवा नाही गेला तर गाडीचं काहीतरी बिघडलं, म्हणजे तेही हिनंच केलं. सुटका कुठूनच नाही. सुगंधानं शर्ट काढून घडी केला, भाईंच्या टेबलावर ठेवला आणि चालायला लागली.

मला वाटलं होतं आपण विसरू. पण एका ट्यूबच्या त्याच भोकावर दोनदा ठिगळ चिकटवलं, एका टायरात हवा इतकी भरली की गिऱ्हाईक बोंबललं. सारखं मनात, ती म्हणाली ते खरं असेल तर? रोज दोनशे झाकणं लावणारीला कळत नाही, आणि मला एका झाकणात कळलं?

सकाळी अनिशचा भाईंना फोन आला. दिवा जसाच्या तसा. घाटाचं जाणं रद्द, गाडी कुडाळला निकेतच्या गॅरेजात नेतोय, आणि काही निघालं तर पंपाला सोडणार नाही. निकेत माझ्या बायकोचा चुलतभाऊ. मी स्कूटर काढली आणि थेट सुगंधाच्या दारात. हौसाबाई पाटी भरत बसलेली. मला बघून म्हणाली, "इलंस? आता आणि काय रवलाहा?"

सुगंधा आतून बाहेर आली. डोळे सुजलेले. "हरी, माका एकच सांग. काल त्या गाडीचा झाकण लावताना मी मोजलेला तू आयकलंस?"

मी खरं तेच सांगितलं, की माझं लक्ष नव्हतं.

"माझाय नाय रे," ती म्हणाली. "रात्रभर आठवतंय. आदल्या गाडीचा आठवता, नंतरच्या गाडीचा आठवता. त्या गाडीचा नाय आठवणा. माझीच चूक असली तर?"

"कुडाळाक चल, निकेत काय सांगता ता बघूया," मी म्हटलं. ती स्कूटरवर मागे बसली आणि चौके, नेरूरपार ही गावं मागे टाकत आम्ही कुडाळ गाठलं.

निकेतनं स्टिअरिंगखाली एक यंत्र जोडलं होतं. हातात मावेल एवढं, छोटा पडदा. आमच्याकडे बघून अनिशच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण निकेत म्हणाला, "उभे राहूदेत, साहेब." पडद्यावर अक्षरं आली. निकेतनं मोठ्यानं वाचली, "पी, झिरो, फोर, फोर, थ्री."

अनिश पुढे वाकला, खालची इंग्रजी ओळ वाचली आणि म्हणाला, "बघा! टाकीच्या वाफेचंच आहे. म्हणजे झाकण. मी काय सांगत होतो?"

सुगंधानं माझ्या शर्टाची बाही घट्ट धरली.

"थांबा साहेब," निकेत म्हणाला. "कोड कुठं बघायचं ते सांगतो, काय मोडलं ते नाही सांगत. टाकीत पेट्रोलची वाफ होते. ती एका कोळशाच्या डब्यात साठते आणि एक झडप उघडली की इंजिनात ओढली जाऊन जळते. हा कोड त्या झडपेच्या विजेचा आहे. वायर, जोड, नाहीतर झडप. झाकणाला कुठं वायर असते?"

"पण माझा भाऊ म्हणाला..."

"त्यांच्याकडे खरं असेल. काही गाड्या टाकी गळते का ते स्वतः तपासतात. त्यांत सैल झाकणानं दिवा लागतो, पण त्याचे कोड वेगळे. आणि तो लगेच लागत नाही. गाडी थोडी चालायला लागते, कधी दोन-तीन फेऱ्या. तुमचा कुठं लागला?"

"पंपावरच," अनिश म्हणाला. "चावी फिरवल्या फिरवल्या." आवाज जरा उतरला होता.

निकेतनं बॉनेट उघडलं. बॅटरीच्या बाजूला बोट घातलं आणि बाहेर काढलं ते काय? सोडणाची भुसभुशीत गादी! नारळाचा काथ्या, वाळकं गवत. आणि त्याच्याच शेजारी झडपेकडे जाणारी वायर, कुरतडून तांबं उघडं पडलेली, तुटलेली.

"गाडी कुठं लावली होती?"

"घरी. माडाखाली. चार दिवस."

"उंदराक बरा बिऱ्हाड मिळाला," निकेत हसला. "वायरचा शेवटचा धागा पंपाच्या वाटेवरच्या धक्क्यांनी गेला असणार. तिथं गाडी बंद करून परत चालू केलीत, म्हणून दिवा नजरेला पडला."

त्यानं वायर जोडली, वर पट्टी गुंडाळली, यंत्रावरून कोड पुसला. चावी फिरवली. दिवे लागले, आणि ह्या वेळी पिवळासुद्धा विझला.

मला एवढ्यावर गप्प बसवेना. मी विचारलं, "निकेत, पण मी झाकण फिरवलंय तेव्हा वाजला. दोनदा."

निकेत गाडीच्या मागे गेला, झाकण पूर्ण घट्ट केलं आणि मग फिरवत राहिला. टक्. टक्. टक्. टक्. "जास्त पिळून मोडू नये म्हणून तसंच बनवलेलं असतं. घट्ट झाल्यावरच वाजतं. सैल असतं तर लगेच वाजलंच नसतं, आधी नुसतं फिरलं असतं."

म्हणजे मी जो आवाज ऐकून तिला चोर ठरवलं, तोच आवाज तिची साक्ष होता. मेलो मी तिथंच. अनिश म्हणाला, "बरं झालं, आता कोल्हापूरला जाता येईल," आणि गाडीत बसला. सुगंधाला काही म्हणाला नाही. तीही त्याच्याकडे बघत नव्हती, ती माझ्याकडे बघत होती.

दुपारी आम्ही दोघं पंपावर पोचलो तेव्हा गाड्यांची रांग होती. भाई टेबलाशी, पोरं बाहेर. मी रांगेसमोर उभा राहून सांगितलं. उंदीर, वायर, झाकण, सगळं. "चूक माझी होती. झाकण घट होता. सुगंधा बरोबर सांगत होती, मीच तिका गप केलंय."

भाईंनी शर्ट पुढे केला. "बरा झाला. फाल्यापासून ये. सारिकाकय घेऊन ये."

सुगंधानं शर्ट घेतला नाही. "भाई, कालय ह्याच सांगितललंय मी. ह्याच जाग्यार. काल कित्याक पटला नाय?"

भाईंनी पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला. रांगेतले लोक हॉर्न वाजवायचे थांबले होते.

मग तिनं शर्ट घेतला, अंगावर चढवला आणि उद्याची वाट न बघता पहिल्या गाडीशी गेली. पेट्रोल भरलं, झाकण लावलं. "एक, दोन, तीन." सगळ्या पंपाला ऐकू जाईल असं. मग माझ्याकडे वळली.

"हरी, ये. फिरव. सैल आसा काय ता सांग सगळ्यांक."

मी गेलो. हात काळे होते, ते पँटीला पुसले. झाकण धरलं आणि फिरवलं. टक्.

"वाजला," मी म्हणालो. "घट आसा."