निकाल मागाहून येईल

त्या वर्षी मी कोल्हापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होते. माझ्याकडं येणाऱ्यांत शिवाजी पेठेतली फुटबॉल खेळणारी पोरं पुष्कळ असायची. कुणाचा गुडघा सुजलेला, कुणाचं लिगामेंट फाटलेलं, आणि टेबलावर आडवं व्हायच्या आधीच प्रश्न : "मॅडम, रविवारी मॅच हाय. जमंल न्हवं?" बऱ्याचदा जमत नसे. त्यांना नाही म्हणताना मला हेही कळायचं, की माझ्यापाशी अजून थोडं ज्ञान असतं तर यातल्या काही जणांना मी महिनाभर आधी मैदानावर उभं केलं असतं. म्हणून खेळाडूंच्या फिजिओथेरपीचा पुढचा अभ्यास करायचं मी ठरवलं. ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठात तसा अभ्यासक्रम होता. जागा मोजक्या, सुरुवात फेब्रुवारीत, आणि अर्जाची मुदत ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी संपणारी.

इंग्रजीची परीक्षा मी पूर्वी एकदा दिली होती. पण तेव्हाच आईचं ऑपरेशन झालं आणि जाणं राहून गेलं. या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो, नंतर तो धरत नाहीत. माझी दोन वर्षं उलटून गेली होती, म्हणजे परीक्षा पुन्हा द्यायची होती. कोल्हापूरच्या परीक्षा केंद्रातल्या जागा भरल्या होत्या. पुण्याची तारीख मिळाली, मुदतीच्या बऱ्याच आधीची. मी निवांत होते.

मग पंचगंगा फुगली. परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळीच बॅग घेऊन मी स्टँडवर गेले, तर पुण्याच्या फलाटावर एकही गाडी नव्हती. कंट्रोलरच्या खिडकीपाशी ही गर्दी.

"पुण्याला कधी सुटंल?" मी विचारलं.

"शिरोलीजवळ हायवेवर पाणी हाय, ताई. सगळ्या गाड्या बंद."

"दुसऱ्या कुठल्या रस्त्यानं?"

"अवो, गाडीच सोडत न्हाय म्हटल्यावर दुसरा काय अन् तिसरा काय! घरला जावा."

घरी गेले नाही. तिथंच बाकड्यावर बसून परीक्षा केंद्राला फोन लावला. त्यांनी लेखी कळवायला सांगितलं आणि रस्ता बंद असल्याचा पुरावा मागितला. प्रशासनाची सूचना मोबाइलवर आलीच होती, ती जोडून मेल केला. दोन दिवसांनी उत्तर आलं. तारीख बदलून मिळाली होती, पण ती थेट मुदतीच्या आठवड्यातली. परीक्षा बुधवारी, अर्जाची मुदत शुक्रवारी, आणि निकाल लागणार त्याच्या पुढच्या आठवड्यात.

विद्यापीठाच्या पोर्टलवर अर्ज भरला, तर इंग्रजीच्या पुराव्याच्या रकान्याला लाल चांदणी. तिथं काहीतरी जोडल्याशिवाय 'सबमिट'चं बटण उघडतच नव्हतं.

राजारामपुरीत परदेशी शिक्षणाचा सल्ला देणारे एक सर होते. माझी मैत्रीण त्यांच्याकडून गेली होती, म्हणून मी त्यांना गाठलं. त्यांनी माझी फाईल चाळली आणि जुन्या निकालावर बोट ठेवलं.

"हा हाय की. हाच टाका त्या जागी."

"त्याची मुदत संपलीय, सर."

"सिस्टीमला काय कळतंय? बटण उघडल्याशी मतलब. नवा आला की बदलून टाकू."

"सिस्टीमला नाही कळलं तरी तपासणाऱ्याला तारीख दिसेलच की. त्यापेक्षा मी ऑफिसला सरळ मेल करते, निकाल मागाहून येईल म्हणून."

ते हसले. "मॅडम, तिथं हजारो मेल पडत्यात. असला मेल कोण वाचत न्हाय. पटत नसंल तर पुढच्या वर्षी करा. निवांत करू, चांगलं करू."

पुढच्या वर्षी हा शब्द मी आईच्या आजारपणापासून ऐकत होते. फाईल उचलली, त्यांना नमस्कार केला आणि खाली उतरले. गाडीला किल्ली लावेपर्यंत माझं ठरलं होतं. मेल आजच जाणार, आणि तो मीच लिहिणार.

घरी पप्पांना सांगितलं. सरकारी कार्यालयात हेडक्लार्क म्हणून त्यांची उभी हयात गेली, त्यामुळं पत्र म्हटलं की त्यांना हुरूप येतो. मी चहा घेईपर्यंत त्यांनी दोन पानी मसुदा तयार केला होता, तोही इंग्रजीत. पहिल्या पानावर पूर. धरणाचे उघडलेले दरवाजे, पाण्यातले रस्ते, जनजीवन विस्कळीत. दुसऱ्या पानावर आईचं ऑपरेशन, माझी जिद्द आणि शेवटी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती. परीक्षेची नवी तारीख कुठं आहे म्हणून मी शोधत बसले. ती दुसऱ्या पानाच्या तळाशी सापडली.

"पप्पा, यात मी मागतेय काय, हेच लवकर कळत नाही."

"अगं, आधी समोरच्याचं मन वळवाय पायजे. मग मागायचं."

"मन नाही वळवायचं. त्यांना फक्त एक नोंद करायची असणार. ती कशाची, ते पहिल्या ओळीत पाहिजे."

"आणि पूर? पूर लिहिणार न्हाईस व्हय? एवढं पाणी आलं ते काय खोटं हाय?"

"लिहिते की. एका वाक्यात."

त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांना वाईट वाटलेलं मला दिसत होतं, पण मी माघार घेतली नाही. लॅपटॉप त्यांच्या शेजारी आणून ठेवला आणि त्यांच्यासमोरच लिहायला बसले. विषयाच्या ओळीत अर्ज क्रमांक, माझं पासपोर्टवरचं पूर्ण नाव, अभ्यासक्रमाचं नाव, आणि पुढं 'इंग्रजीचा निकाल मुदतीनंतर येईल'. मग मजकूर. माझी परीक्षा या बुधवारी, म्हणजे मुदतीच्या आधी आहे. निकाल पुढच्या आठवड्यात अपेक्षित आहे. आधीची तारीख पुरामुळं रस्ता बंद झाल्यानं परीक्षा केंद्रानं बदलून दिली, ते पत्र सोबत आहे. पुराव्याच्या रकान्यात मी सध्या परीक्षेच्या नोंदणीची पावती जोडली आहे, तो निकाल नव्हे. यापूर्वीच्या निकालाची मुदत संपल्यानं तो जोडलेला नाही. निकाल आल्यावर तो परीक्षा घेणाऱ्यांकडून परस्पर तुमच्याकडं येईल, अशी व्यवस्था करते. तोवर माझा अर्ज मुदतीत आलेला धरला जाईल का, एवढं कृपया कळवावं.

पप्पांनी दोनदा वाचलं.

"झालं? एवढंच?"

"एवढंच."

"रुक्ष वाटतंय गं." मग ते म्हणाले, "पण ते पुराव्याचं वाक्य बरं केलंस. काय जोडलंय अन् काय न्हाय, दोन्ही लिहिलंस. उद्या कुणी बोट ठेवायला नको. आणि सोबतची कागदं खाली क्रमानं लिही. एखादं गळालं तर कळतं."

ते मी लिहिलं. पावती रकान्यात जोडली, बटण उघडलं, अर्ज सबमिट केला आणि लगेच मेल पाठवला.

मिनिटभरात उत्तर आलं. मी उडालेच. पण ते मशीनचं होतं. तुमचा मेल मिळाला, कामाच्या काही दिवसांत उत्तर देऊ, एवढंच. ते काही दिवस मुदतीच्या पलीकडंही जाऊ शकत होते. राजारामपुरीतले सर म्हणाले ते खरं ठरतंय की काय, असं वाटलं. पण अभ्यास सोडला नाही. लिहिण्याच्या भागाची मला धास्ती होती, कारण शाळा मराठी माध्यमातली. मंगळवारपर्यंत रोज एक निबंध घड्याळ लावून लिहिला.

पाणी ओसरलं होतं. मंगळवारी एसटीनं पुण्याला गेले. शिरोलीच्या पुढं दोन्ही बाजूंना ऊस चिखलानं माखून आडवा पडलेला होता. बुधवारी परीक्षा दिली. बोलण्याच्या भागात परीक्षकबाईंनी, तुमच्या कामातली अवघड गोष्ट कोणती, असं विचारलं. मी गुडघ्यांबद्दल बोलत सुटले. त्यांना मला थांबवावं लागलं.

शुक्रवार उजाडला तरी मेलचं उत्तर नव्हतं. तिकडं आपल्याआधी सकाळ होते, म्हणून आंघोळ उरकून मी सरळ त्या ऑफिसला फोन लावला. पप्पा समोर खुर्ची ओढून बसले. बराच वेळ संगीत वाजलं, मग एका बाईंचा आवाज आला. त्यांचे उच्चार पटकन कळत नव्हते. मी एकदा "पुन्हा सांगाल का?" म्हटलं, तर त्या न रागावता सावकाश बोलू लागल्या. अर्ज क्रमांक दिला.

"हो, तुमचा मेल माझ्यासमोर आहे," त्या म्हणाल्या. "आज त्याला उत्तर जाणारच होतं. तुम्ही बुधवारी परीक्षेला बसलात ना?"

"हो, बसले."

"मग अडचण नाही. परीक्षा मुदतीच्या आत झालेली असली पाहिजे, एवढी आमची अट आहे. निकाल नंतर आला तर चालतो. अर्ज मुदतीत आल्याची नोंद करते."

मी पप्पांकडं बघून अंगठा वर केला. ते खुर्चीतून उठलेच.

"पण दोन गोष्टी," बाई पुढं म्हणाल्या. "निकालाचा फोटो किंवा कॉपी पाठवू नका. परीक्षा घेणाऱ्यांकडूनच तो आमच्याकडं यायला हवा. आणि नुसती सरासरी चालत नाही, चारही भागांत किमान गुण लागतात. एकात जरी कमी पडले तरी या वेळी आम्हांला काही करता येणार नाही."

फोन ठेवल्यावर पप्पा म्हणाले, "काय म्हणाली? मुदतीत धरला न्हवं?"

"धरला. आता निकालावर."

"मग बास की! अर्ज आत गेला," असं म्हणून ते शर्ट घालून बाहेर पडले आणि आईसाठी जिलेबी घेऊन आले, जणू प्रवेशच मिळाला.

दुपारी त्या बाईंचा मेलही आला, फोनवर सांगितलेलंच लेखी. पुढच्या आठवड्यात मी पेशंटच्या घोट्याला पट्टी बांधत असताना मोबाइल वाजला. पट्टी पुरी केली, हात धुतले, मगच बघितलं. ऐकणं, वाचणं, बोलणं चांगलं होतं. लिहिण्यात बरोबर किमान गुण मिळाले होते, अर्धासुद्धा जास्त नाही. तो आकडा मी पुन्हा एकदा वाचला. मग निकाल परस्पर पाठवण्याची सोय त्याच दुपारी पुरी केली. काही दिवसांनी पोर्टलवरची 'कागदपत्रांची प्रतीक्षा' ही ओळ जाऊन तिथं 'तपासणी सुरू' आलं.

प्रवेशाचं पत्र यायला पुढं बरेच आठवडे लागले. ते आलं त्या दिवशी आमच्या विभागाच्या सरांना सांगायला गेले. त्यांनी अभिनंदन केलं आणि लगेच कॅलेंडर ओढून, नोकरी सोडण्याची नोटीस कधीपासून धरायची, ते विचारलं. तारीख ठरवून मी परत आले तेव्हा बाहेर पेठेतला एक गोलकीपर खांदा धरून बसला होता. त्याला आत घेतलं आणि हात हळूहळू वर उचलायला सांगितला.