ओटीवरचा सूर

ही गोष्ट मी आजवर टाळली. बँडच्या आठवणी सांगायला कुणी बसवलं, की मी मास्तरांच्या मिशांबद्दल बोलायचो, लग्नातल्या पंगतींबद्दल बोलायचो, आणि आपटा गावातली वरात आली की पाणी प्यायला उठायचो.

पनवेलच्या बाजारामागे भाताच्या एका रिकाम्या गोदामात आमचा सराव चाले. स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती. दुपारी कौलांच्या फटींतून उन्हाचे पट्टे उतरत, त्यांत कोंडा तरंगत राही, आणि कॉर्नेटचा सूर थांबला तरी त्या कोंड्यासारखा हवेत रेंगाळतोय असं वाटे. मी मोठा ढोल वाजवायचो. सुरुवातीचे आकडेही मीच म्हणायचो. कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी कर्णा, वाजवणारा माझ्याच वयाचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला. मिठाच्या पाण्यानं त्याच्या टाचा फाटलेल्या असत, पण फुंक अशी मऊ, की मला ढोल हळू वाजवावासा वाटे.

मास्तर पलटणीच्या बँडमधून आलेले. त्यांनी कोळशानं भिंतीवर उभ्या रेघा ओढल्या.

"दोन रेघांमधलं हे घर. घरात चार मात्रा. ढोल एक आणि तीनवर, डावा पाय ढोलाच्या ठोक्यावर. पण ही चाल घरात सुरू होत नाही. पहिल्या रेघेच्या अलीकडे, ओटीवर सुरू होते."

"ओटीवर विडी ओढतात, मास्तर," क्लॅरनेटवाला म्हणाला.

"तू ओढ. हा वाजवेल." मास्तरांनी कॉर्नेटकडे बोट केलं. "आकडे पूर्ण एक घर म्हणायचे. मग पुन्हा एक, दोन, तीन, आणि तोंड बंद. चारवर हा एकटा. रेघ ओलांडली की एकवर सगळे."

चाल संपताना शेवटच्या घरात तीनच मात्रा होत्या. चौथी ओटीवरच्या सुरासाठी मोकळी, म्हणजे चाल पुन्हा घेताना सांधा दिसत नाही. आम्ही ती कितीदा तरी फिरवली. डोळे मिटले की खाडीचं पाणी येतंय आणि जातंय असं वाटे.

मास्तरांचे पुढचे दात हलायला लागले होते, त्यांना आता कॉर्नेट फुंकता येत नव्हतं. ते कॉर्नेटवाल्या पोराला म्हणाले, "आपट्याला ही चाल नीट उचललीस तर कॉर्नेट कायमचं तुझं. नाहीतर मुंबईहून माणूस आणावा लागेल."

तो बाहेर येऊन मला म्हणाला, "माजं काय नाय, तू फक्त आकडे नीट टाक रं. मग मिठागर सुटलं समज."

आपट्याची वरात दिवसा होती. पाताळगंगेवरून वारा येत होता, नदीचं पाणी उन्हात पांढरं झालं होतं, आणि मी अर्धा तिकडेच होतो. आकडे मी बरोबर म्हटले. घोटाळा त्यानंतर झाला. इतर चाली एकवर सुरू होत. कॉर्नेटवाला चारवर श्वास घ्यायचा, आणि त्या श्वासामागून माझा हात आपोआप पडायचा. त्या दिवशी त्यानं तीनवर श्वास घेतला. घ्यायलाच हवा होता. माझा हात सवयीनं श्वासामागून पडला, त्याच्या त्या एकट्या सुरावरच.

मग मी तसाच पुढे गेलो. पाय ढोलाचं ऐकतात. चालीतला जोर उजव्या पायावर येऊ लागला, रांग लंगडली, वऱ्हाडी हसले. त्यानं मला सावरायला एक सूर मात्राभर लांबवला, तेव्हा जोर पुन्हा ढोलावर आला. पण क्लॅरनेटं कागदाप्रमाणे पुढे निघाली होती. सगळा कालवा झाला. मास्तर मांडवाच्या दारापाशी उभे होते. त्यांच्या कानावर पडला तो लांबलेला सूर.

"कोण चुकलं?" त्यांनी मला विचारलं. आकडे माझे, म्हणून मला.

"कॉर्नेट," मी म्हणालो. "मात्रा चुकला तो."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "असंल, मास्तर," आणि वाद्य पुसून पेटीत ठेवलं.

मुंबईहून माणूस आला. चांगला वाजवायचा. ती चाल आम्ही पुढे खूप लग्नांत वाजवली, आणि त्या एकट्या सुराच्या वेळी मी ढोलाची काठी छातीशी धरून ठेवायचो.

बऱ्याच वर्षांनी तो मला बाजारात भेटला. डोक्यावर मिठाची पाटी, भुवया पांढऱ्या.

"काय रं, ढोलवाल्या! पोट ढोलाएवडं झालं की तुजं."

मी हसलो. म्हणालो, "अरे, आपट्याला त्या दिवशी..."

"सोड रं ते. पाटीला हात लाव, मान दुखतेय."

मी पाटी उतरवून घेतली. गिऱ्हाईक आलं, तो मीठ मापू लागला. मी निघून आलो. पुढच्या वेळी सांगू म्हटलं. नंतर तो गेल्याचं कळलं, तेही त्याचं दिवसकार्य झाल्यावर.

त्या दिवशी बाजारात मला एवढंच म्हणायचं होतं: तू बरोबर होतास. हात माझा पडला, आणि मी खोटं बोललो. मला माफ कर.