नीलम्माच्या गालावरचं वांग

शेवया अर्ध्याच वळून झाल्या होत्या, तेवढ्यात धाकटी जाऊ नीलम्मा आरसा घेऊन आली. "बघा अक्का, आणखी काळं झालं!" बाळंतपणाला पाच महिने झाले, तरी तिच्या गालांवरचं वांग वाढतच होतं.

लिंबाच्या रसात विभूती कालवून रोज चोळायचा उपाय माझाच. शिवाची विभूती वाईट कसं करील, असं वाटायचं. कातडी लाल होऊन सोलवटली, मग जास्तच काळवंडली. सासूबाई म्हणायच्या, "सगळ्या तोंडाला काजळ लाव, एकसारखं दिसंल." नीलम्मानं मठात येणंच सोडलं.

शेवटी तिला परभणीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लिंबू, राख बंद करा. पाऱ्याचं मलम कुणी विकलं तरी घेऊ नका, बाळ अंगावर पितंय. हमखास घालवील असं औषध माझ्याकडे नाही. ऊन टाळा. वर्षभरात फिकं होईल, पण पूर्ण जाईलच असं नाही. पुढच्या बाळाच्या खेपेला परतही येईल."

"लेकराला ऊन द्यायला रोज ऊन चढेपर्यंत अंगणात बसते मी," नीलम्मा म्हणाली.

"मग त्याला थोडंच ऊन द्या, अन् तुमचं तोंड सावलीत ठेवा. बाहेर जाताना छत्री घ्या."

एवढी साधी गोष्ट पाच महिने आम्हाला सुचली नाही, याचाच संताप येतो. घरी सासूबाईंनी डोळे वटारले, "बाईमाणूस छत्री घेऊन मिरवणार?"

"मिरवू द्या," मी म्हटलं.

उद्या बसवंतरावांच्या दुकानातून काळी छत्री आणायची आहे.