तीन नंबरचा इशारा

नगरला समुद्र नाही, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नव्हतं. आमच्या संघटनेच्या कार्यालयात पत्रकं छापायची, ती एसटी स्टँडवर वाटायची, आणि शीर्षकात निदान एक तरी उद्गारचिन्ह टाकायचं, एवढं माझं काम. म्हणून कॉलेजात शिकणारा येमेनचा एक मुलगा भरती-ओहोटीच्या फळ्याचा फोटो घेऊन आला तेव्हा मी म्हणालो, "भाई, चुकीच्या दारात आलास."

"मराठी आहे," तो म्हणाला. "तू वाच. अरबी मी लिहितो."

त्याच्या मामाचं लाकडी गलबत इंजिन बिघडून कोकणातल्या एका खाडीत अडकलं होतं. इंजिन दुरुस्त झालं होतं. पण खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, तो फक्त उधाणाच्या भरतीत ओलांडता येतो. त्या अमावास्येची भरती हुकली, तर पुढच्या पौर्णिमेपर्यंत आत बसायचं. धक्क्यावरची जागा अडली म्हणून बंदरातला एजंट रोज सांगे, हवा छान आहे, निघा. मामाचा त्याच्यावर विश्वास नव्हता. त्यानं बंदरातल्या फळ्याचा फोटो काढून घेतला आणि एसटीच्या पार्सलनं भाच्याला पाठवला.

खलाशी परदेशी, जीव त्यांचा, आणि फळा फक्त मराठीत! यावर पत्रक काढायचं असं मी मनाशी ठरवलंही. मग भिंग घेऊन वाचायला बसलो.

"ईशान्य वारे, ताशी ४० ते ५० किलोमीटर."

"ईशान्येकडून, की ईशान्येकडे?"

हे मला कोणी कधी विचारलंच नव्हतं. थंडीत आमच्याकडे गार वारा कुठून अंगावर येतो ते आठवलं, तेव्हा कुठे खात्रीनं म्हणालो, "ईशान्येकडून." अरबीतही तसंच म्हणतात, तो म्हणाला, पण पाण्याच्या प्रवाहाचं उलटं, तो जिकडे जातो ती त्याची दिशा. मला हे भलतंच आवडलं. चाळीस-पन्नास त्यानं मध्ये रेघ मारून लिहिलं नाही. त्याची ओळ उजवीकडून चालते, वाचणारा गोंधळेल. म्हणून 'चाळीसपासून पन्नासपर्यंत' असं लिहिलं, आणि पुढे किलोमीटर.

"तापमान २२. ते सोड, गलबताला काय करायचंय?"

"नाही. आणि 'सेल्सिअस' लिहायचं. मामा जुन्या इंग्रजी बोटींवर फॅरनहाइट शिकला. त्याच्या बावीसला बर्फ पडतो."

मग आला इशारा: 'स्थानिक सावधगिरी, क्र. ३'. मी लगेच सांगितलं, "लिही, धोका! मोठ्या अक्षरात."

"फळ्यावर धोका आहे?"

"सावधगिरी आहे. पण सावधगिरीनं कोण थांबतं? लोकांना हलवायचं तर एक पायरी वर चढवून सांगावं लागतं."

फळ्याच्या खालच्या भागात सगळ्या इशाऱ्यांचा तक्ता तेलरंगात रंगवलेला होता. त्यानं तोही वाचायला लावला. धोका पाचपासून सुरू होत होता.

"मामाला नंबर माहीत असतात," तो म्हणाला. "तीनला त्यानं खतरा वाचलं आणि बाहेर तीनच निघाला, तर उद्या खऱ्या पाचवर तो हसेल."

मला ते पटलं नव्हतं. तेवढ्यात फळ्याच्या कोपऱ्यातली तारीख दिसली. अंदाज परवाचा होता, आणि तो चोवीस तासांपुरताच.

"ही लिहू नकोस," मी म्हणालो. "शिळा आहे कळलं तर मामा निघेल."

"निघायचं की नाही ते तो ठरवेल, भाई. आपण दोघं नगरात बसलोय."

त्यानं तारीख सगळ्यात वर लिहिली. भरतीचा तक्ता महिन्याभराचा होता, तो शिळा होणार नव्हता. त्यातल्या वेळा आणि मीटर एकेक करून उतरवले. शेवटी त्याला एक कल्पना सुचली. कागदाच्या कडेला आमचे ० ते ९ आणि त्यांचे आकडे समोरासमोर मांडले, आणि फळ्यावर कुठल्या जागी काय लिहितात त्याचं चित्र काढलं.

एसटीडी बूथवाल्यानं बंदरावर फॅक्स घालताना कागद उलटसुलट करून पाहिला. "सरळ बाजू कंची हाय ही? मला तर दोनीकडून सारकंच दिसतंय."

"तुमचं लाइटबिलही तसंच दिसतं," मी म्हणालो.

"व्हय, आन् त्येबी तुमीच समजावता!"

दुसऱ्या दिवशी त्याच बूथवर मामाचा फोन आला. बराच वेळ फक्त अरबी. पोराचा चेहरा बघून काहीच कळेना. मी दोनदा त्याची बाही ओढली.

"फॅक्स घेऊन फळ्यापाशी गेला होता," त्यानं रिसीव्हरवर हात ठेवून सांगितलं. "आजचा नवीन लिहिलाय. वारा वायव्येकडून, पंधरा ते वीस. इशाऱ्याची जागा रिकामी. बंदराच्या डोलकाठीवरची इशाऱ्याची खूणही उतरवलीय. एजंटला विचारलंच नाही, स्वतः वाचलं म्हणतो."

"मग?"

"दुपारच्या भरतीला निघतोय. तक्त्यात आजचं पाणी सगळ्यात उंच आहे, उद्यापासून उतरतं."

माझं ऐकून 'धोका' लिहिला असता आणि तारीख गाळली असती तर तो आतच बसला असता, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. पण बोललो ते वेगळंच. "विचार त्याला, दांड्यावर पाणी किती लागतं?"

पोरानं विचारलं. पलीकडून मोठ्यानं हसणं ऐकू आलं, मग लांबलचक उत्तर. मी बूथवाल्याचं पेन घेतलं आणि पोरगा मराठीत सांगेल तसं तळहातावर लिहून घेऊ लागलो.