मुंडकं नसलेला मावळा आणि न तडकलेला किल्ला

या फोटोत किल्ल्याच्या सगळ्यांत उंच बुरुजावर उभा असलेल्या मावळ्याला मुंडकं नाही. ते लढाईत गेलेलं नाही, माझ्या लेकीनं पाडलं. बघणारा प्रत्येकजण विचारतो, म्हणून एकदाचं फोटोखाली लिहून ठेवतो.

आमच्या सोलापूरची माती काळी. ओली असताना हवी तशी वळते, वाळली की भेगाळते. लहानपणी मी दिवाळीचा किल्ला करायचो. दगडविटा रचून त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट पसरायचं, वरून मातीचा गिलावा, मग चाकूनं पायऱ्या आणि उतारावर हिरवळीसाठी अळीव. पाडव्यापर्यंत अळीव वीतभर वर आणि तटाला बोट जाईल एवढ्या भेगा. एका वर्षी वडिलांनी, आमच्या आप्पांनी, स्वतः माती मळली. भाऊबीज उलटली तरी किल्ला तडकला नाही. काय घातलं विचारलं तर म्हणाले, "वळख की." पुढच्या दिवाळीआधीच ते गेले.

आता मुलांबरोबर किल्ला करतो, पण ते कोडं काही सुटेना. राख घातली, शेण घातलं. कडब्याचा भुसा घातला तर तटाला दाढी फुटली. मुलं हसली, मला मात्र राग आला. एवढी साधी गोष्ट मला कळू नये?

यंदा दिवाळीला दहा-बारा दिवस होते. फडताळातून किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं काढताना लेकीच्या हातून आप्पांनी केलेला मावळा पडला. त्याच न तडकलेल्या किल्ल्याच्या मातीचा, त्यांची तेवढीच खूण. मी हात उगारलाच होता.

"बाबा, ह्याच्या मानंत कापूस हाय बगा," ती म्हणाली.

खरंच होता. तुटलेल्या मातीतून बारीक पांढरे तंतू बाहेर आले होते. त्यांनीच माती धरून ठेवली होती.

आप्पा सूतगिरणीत होते, मीही तिथंच आहे. कामावरून येताना केसांत, सदऱ्यावर कापूस बसलेला असतो. पूर्वी आई आणि आता बायको, दारात झटकल्याशिवाय आत येऊ देत नाही. उत्तर मी रोज अंगावर घेऊन घरी येत होतो आणि उंबऱ्याबाहेर झटकून टाकत होतो.

मग आठवडाभर संध्याकाळी मी ओट्यावर बसलो आणि मुलांनी माझ्या केसांतला कापूस वेचला. तो पिंजून मातीत मळला. फोटो भाऊबीजेनंतरचा आहे, भेग कुठं दिसते का बघा.

"आप्पांचा कापूस कुनी वेचला?" धाकट्यानं विचारलं.

"त्यांनी एकट्यानंच," मी म्हणालो. तेव्हा मी अंगणात खेळत होतो. जवळ जाऊन बसलो असतो तर बरं झालं असतं, असं आता फार वाटतं.